संत्र्याची फोड आणि पाच धपाटे

आज लिहायचं नव्हतं खरं तर, पण तीन दिवस झाले तरी लेक गुदमरला तो क्षण डोळ्यासमोरून जात नाहीये. न्यूजर्सीहून डिसेंबरात नागपूरला आलो, लेक नऊ महिन्यांचा. धरमपेठच्या घरी दुपारी अंगणात उन्हात बसलो होतो, आई संत्री सोलत होती, आणि मावशीनं त्याच्या हातात एक फोड दिली, चोखायला. मी पण बसले होते तिथेच, मी पण नाही म्हटलं नाही, म्हणून मावशीला एकटीला बोल लावणार नाही.

आधी तो खोकला. जोरात, रडत रडत. खोकला येतोय, आवाज निघतोय म्हणजे हवा जातेय, अशा वेळी पाठीवर मारायचं नाही, खोकू द्यायचं आणि नजर हलवायची नाही. मग एकदम आवाज बंद. तोंड उघडं, रडण्याचा चेहरा, पण आवाज शून्य, आणि ओठ निळसर. लोकांना वाटतं बाळ गुदमरलं की आरडाओरडा होईल. अजिबात नाही, शांतता होते.

आणि मग जे झालं त्याचाच मला राग येतोय, घरच्यांचा नाही, त्या सवयीचा. मावशी म्हणे, "बाप्पा, बोट घाल ना त्याच्या घशात!" शेजारच्या काकू टाळूवर थापट्या मारत फुंकर घालायला लागल्या, कोणी पाणी आणलं, कोणी म्हणे पाय धरून उलटा कर. दिसत नसलेली वस्तू बोटानं शोधायला गेलं की ती आणखी आत सरकते, पाणी श्वासनलिकेत जाऊ शकतं, आणि टाळूवर मारून घशातलं काही हलत नाही. ही माणसं जीव टाकतात हो त्याच्यावर, त्यांना कोणी दाखवलंच नाही. मला तरी कुठे माहीत होतं? तिकडे सातव्या महिन्यात दवाखान्याच्या क्लासला गेले म्हणून. तिथे बाहुलीच्या पाठीवर मी मारलं तर शिकवणारी म्हणाली, तू ढेकर काढतेयस, हे धपाटे नाहीत.

तेच आठवलं. भावाला ओरडले, १०८ लाव आणि स्पीकरवर ठेव. बाळाला पालथं माझ्या हातावर घेतलं, हात मांडीवर टेकवला, डोकं छातीपेक्षा खाली, जबडा माझ्या बोटांत धरलेला, गळा दाबला जाणार नाही असा. दोन्ही खांद्यांच्या पात्यांच्या मधोमध तळहाताच्या मनगटाकडच्या भागानं पाच धपाटे, सुटे सुटे, जोरात. आई म्हणाली "अगं हळू!" पण हळू मारून उपयोग नसतो.

काही निघालं नाही. डोकं धरूनच उताणा केला, डोकं खालीच. दोन्ही स्तनाग्रांच्या रेषेच्या जरा खाली, छातीच्या मधल्या हाडावर पाच दाब, साधारण सेकंदाला एक. मला क्लासमध्ये दोन बोटांनी शिकवलं होतं, पण अमेरिकेच्या २०२५ च्या नव्या सूचनांत एका तळहाताच्या त्याच मनगटाकडच्या भागानं सांगितलंय, मी तसंच केलं. पोट मात्र दाबायचं नाही, एक वर्षाखालच्या बाळाच्या यकृताला इजा होऊ शकते. तिसऱ्या दाबाला फोडीची पातळ साल ओठांवर आली आणि तो रडला. नसता रडला तर पुन्हा पाच धपाटे, पाच दाब, असंच चालू ठेवायचं होतं.

रात्री आईनं विचारलं, "आणि निपचित पडला असता तर?" तर धपाटे बंद. टणक जागेवर उताणा ठेवायचा आणि त्याच जागी ३० दाब, छाती साधारण ४ सेंटीमीटर खाली जाईल इतके, मिनिटाला १०० ते १२० च्या गतीनं. मग तोंडात बघायचं, वस्तू दिसली तरच काढायची. डोकं सरळ, फार मागे नाही, आपलं तोंड बाळाच्या तोंडावर आणि नाकावर मिळून ठेवायचं, गालातल्या हवेइतक्या दोन फुंकरा, छाती वर येताना दिसली पाहिजे. मग पुन्हा ३०. एकटे असाल आणि फोन हाताशी नसेल तर दोन मिनिटं हे करून मग फोन, बाळाला जवळ घेऊनच.

संध्याकाळी त्याला डॉक्टरांकडे नेलंच, कारण छातीवर दाब दिलेत. त्यांनी दोन्ही बाजूंनी छाती ऐकली, तुकडा आत राहिला असेल तर एका बाजूला हवा कमी ऐकू येते म्हणे. पुढचे काही दिवस खोकला किंवा घरघर दिसली तर लगेच या म्हणाले.

"तिकडचं पुस्तकी असतं" असं माझ्याकडे बघून बोलणारे बोलले. बोलू देत. आईनं मात्र झोपायच्या आधी दुलईची गुंडाळी मांडीवर घेतली, पालथी धरली आणि मला म्हणाली, "दाखव, कुठं मारायचं ते." तिचा पहिला धपाटा हळूच होता. चौथा बरोबर बसला.