बचत खात्याचं चित्र आणि एक चुकलेला बाण

माझं दिवसभराचं काम हिशेबाचं. त्यामुळे सिस्टिम डायनॅमिक्सच्या, म्हणजे गोष्टी काळानुसार कशा बदलतात ते चित्रं आणि समीकरणांतून मांडण्याच्या वर्गात पहिलाच गृहपाठ ‘बचत खात्याची स्टॉक-फ्लो आकृती काढा, आवक, जावक आणि फीडबॅकचा मार्ग स्पष्ट दाखवा’ असा आला, तेव्हा मला हसूच आलं. बचत खातं! त्यात काढण्यासारखं काय असणार? पैसे येतात, पैसे जातात, वर थोडं व्याज पडतं. दहा मिनिटांत कागद पुरा केला आणि दुसऱ्या दिवशी तो लाल शाईने रंगून परत आला.

चित्राची भाषा सोपी आहे. एमआयटीतल्या जे फॉरेस्टर यांनी १९५०च्या दशकात ही पद्धत उभी केली आणि तिची चिन्हं आजही जवळपास तशीच आहेत. जे साठतं ते पेटीत लिहायचं. साठ्यात भर घालणारा किंवा त्यातून काढून नेणारा प्रवाह दुहेरी रेषेच्या पाइपने दाखवायचा आणि पाइपावर एक झडप काढायची. पैसा मुळात कुठून आला आणि शेवटी कुठे गेला याच्याशी आपल्याला देणंघेणं नसेल, तर पाइपाच्या त्या टोकाला ढग काढायचा. याखेरीज एक बारीक, वाकडा बाण असतो. त्यातून काहीही वाहत नाही, फक्त माहिती जाते. या शेवटच्या वाक्यावर मी वर्गात मान डोलावली होती आणि घरी येऊन नेमकं तेच विसरले.

माझ्या कागदावर मध्ये ‘शिल्लक’ची पेटी होती. डावीकडच्या ढगातून ‘भरणा’ आत येत होता, उजवीकडून ‘उचल’ बाहेर जात होती. व्याजाचं मात्र मी असं केलं: व्याज शिल्लकेवर मिळतं, म्हणजे ते शिल्लकेतूनच निघतं, म्हणून पेटीपासून ‘व्याज’पर्यंत जाड पाइप. डोळ्यांना काहीच खटकत नव्हतं.

मॅडमनी एवढंच विचारलं, “व्याज मोजलं की शिल्लक कमी होते का?”

“नाही हो मॅडम, वाढते.”

“मग तुमचं चित्र तसं म्हणतंय का, ते वाचून बघा. भरणा आणि उचल दोन्ही बंद ठेवा, फक्त व्याज चालू ठेवा आणि बारा महिने पुढे जा. चित्र सांगेल तेच करायचं, तुम्हाला जे माहीत आहे ते नाही.”

ही युक्ती मी आता प्रत्येक चित्रावर वापरते: एक सोडून सगळ्या झडपा बंद. सुरुवातीची शिल्लक ६०,००० धरली, व्याजदर वर्षाला ६ टक्के, म्हणजे महिन्याला ०.५ टक्का. माझ्या पाइपाप्रमाणे पहिल्या महिन्याचे ३०० पेटीतून बाहेर गेले. दुसऱ्या महिन्यात उरलेल्यावर पुन्हा ०.५ टक्का बाहेर. बारा महिन्यांनी पेटीत ५६,४९७ उरले. हिशेबाचं पोट भरणाऱ्या बाईने असं खातं काढलं होतं, जे व्याज मिळाल्याने रिकामं होत जातं!

चूक कुठे झाली ते मग लगेच दिसलं. शिल्लक व्याज देत नाही. व्याज किती पडायचं, हे ती फक्त सांगते. पैसा बाहेरून, दुसऱ्या ढगातून येतो. म्हणजे व्याज हा आत येणारा वेगळा पाइप, आणि पेटीतून त्या पाइपाच्या झडपेकडे जाणारा बारीक बाण. हा बाण आणि परत पेटीत येणारा पाइप मिळून जो वळसा पुरा होतो, तोच गृहपाठात मागितलेला फीडबॅकचा मार्ग. शिल्लक वाढली की व्याज वाढतं, व्याज वाढलं की शिल्लक वाढते, म्हणून वळशाच्या मध्ये R लिहायचा: स्वतःलाच बळ देणारा लूप. तीच चाचणी पुन्हा केली तर बारा महिन्यांनी ६३,७०१ आले. दरमहा चक्रवाढीने येतात तेवढेच.

व्याजदरालाही मी आधी पाइप दिला होता, ते इथे उरकून टाकते. दर हा प्रवाह नाही, तो नुसता आकडा आहे, त्याच्यापासून झडपेकडे बारीक बाण पुरतो. आणि घड्याळ महिन्याचं असेल तर दरही महिन्याचा हवा. ०.०६ तसाच टाकला असता तर खात्याने महिन्याला ६ टक्के कमावले असते, आणि तेवढं पाहून तरी मी भानावर आले असते.

कागद जमला, मग तेच Vensim या मॉडेल चालवून पाहायच्या सॉफ्टवेअरमध्ये मांडलं. भरणा दरमहा ५,०००, उचल दरमहा ६,०००. हे आकडे मुद्दाम असे घेतले, कारण जावक आवकीपेक्षा जास्त असताना व्याज खातं तारतं का, ते मला बघायचं होतं.

```
Balance = INTEG(Deposit + Interest - Withdrawal, 60000)
Interest = Balance * Monthly Rate
Monthly Rate = 0.06/12
Deposit = 5000
Withdrawal = 6000
```

INTEG म्हणजे ६०,००० पासून सुरू करून दर महिन्याची आवक-जावक पेटीत साठवत जाणं. आलेख खाली गेला. पहिल्या महिन्यात ३०० व्याज, निव्वळ घट ७००. पुढच्या महिन्यात शिल्लक कमी, म्हणून व्याज कमी, म्हणून घट आणखी मोठी. रेषा सरळ न उतरता दर महिन्याला जास्त तिरकी होत होती. मला वाटलं, पुन्हा कुठला तरी बाण उलटा पडला. R लूप म्हणजे वाढ, असं डोक्यात पक्कं बसलं होतं, आणि हा तर घसरगुंडीवर निघाला होता.

झडपा बंद करून पाहिल्या, चित्र बरोबर होतं. मग कागदावर साधा प्रश्न घेतला: शिल्लक किती असली तर ना वाढ ना घट? उचल भरण्यापेक्षा १,००० ने जास्त आहे, ते १,००० व्याजाने भरून काढायचे, म्हणजे ०.५ टक्क्याने २,००,००० हवेत. बरोब्बर २,००,००० वर खातं जागचं हलत नाही. त्याच्यावर असाल तर व्याज तूट भरून वर उरतं आणि अंतर वाढत जातं. त्याच्याखाली असाल तर व्याज कमी पडतं, आणि अंतर त्याच वेगाने वाढत जातं. मी ६०,००० वर होते, उंबरठ्याच्या १,४०,००० खाली. म्हणून दुसरा रन उंबरठ्याच्या तेवढाच वर, ३,४०,००० पासून केला. ७१ महिन्यांनी पहिल्या खात्यात ५११ उरले होते आणि दुसऱ्यात ३,९९,४८९ झाले होते. दोन्ही आकडे २,००,००० पासून सारख्याच अंतरावर, एक खाली, एक वर, जणू आरशात पाहावं. लूप तोच, दर तोच. R हे अक्षर दिशा सांगत नाही. तुम्ही ज्या बाजूला झुकला आहात त्या बाजूला तो आणखी ढकलतो, इतकंच.

इथवर खूश होते. मग आलेख थोडा पुढे सरकवला, तर ७२व्या महिन्यात शिल्लक उणे ४८६. त्यानंतर ती उणेच वाढत गेली आणि व्याजही उणे, म्हणजे बचत खातं माझ्याकडूनच व्याज वसूल करत होतं. साध्या बचत खात्यात नसलेले पैसे काढता येत नाहीत. पण माझ्या उचलीला पेटीत काय आहे याची खबरच नव्हती. पेटीतून उचलीच्या झडपेकडे एकही बाण जात नव्हता.

म्हणजे आणखी एक फीडबॅक राहून गेला होता, आणि तो जावकीच्या बाजूचा होता. बारीक बाण काढला, आणि समीकरण बदललं:

```
Withdrawal = MIN(Desired Withdrawal, Balance/TIME STEP)
```

Desired Withdrawal म्हणजे आपल्याला हवे असलेले ६,०००, आणि TIME STEP म्हणजे मॉडेलची एक पायरी, इथे १ महिना. त्यापेक्षा कमी शिल्लक असेल तर आहे तेवढंच मिळेल. हा लूप आवर घालणारा: शिल्लक घटली की उचल घटते, आणि उचल घटली की शिल्लक टिकते. त्याच्या मध्ये B लिहिला. गंमत अशी की हा लूप कागदावर कायम दिसतो, पण ६५ महिने तो झोपलेला असतो, कारण तोवर MIN ६,००० च निवडतं. ६६व्या महिन्यात शिल्लक ५,४२५ वर आली आणि तो जागा झाला.

आता रेषा शून्यावर टेकायला हवी होती. ती टेकली ५,०२५ वर आणि तिथेच आडवी झाली. व्याज पडत राहिलं, उचलही ५,०२५, सगळं सुरळीत, पण शून्य काही येईना. अर्धा तास गेला यात. शेवटी वहीत एकेक महिना हाताने मांडला तेव्हा उलगडा झाला. मॉडेल एका पायरीच्या सुरुवातीला पेटीत जे आहे तेवढंच काढू देतं. त्याच पायरीत येणारा भरणा आणि व्याज पेटीत पडतात पायरी संपल्यावर. म्हणजे उचलीने पेटी पुरती रिकामी केली तरी शेवटी ५,००० भरणा आणि २५ व्याज त्यात असतंच. TIME STEP १ महिन्याऐवजी ०.२५ केला, तर तीच पातळी १,२५२ वर आली. आणखी बारीक केला तर आणखी खाली.

मॅडमना दाखवलं तर त्या म्हणाल्या, “पगार महिन्याच्या शेवटी येत असेल आणि पैसे सुरुवातीला काढत असाल, तर १ महिन्याचीच पायरी खरी. ०.२५ घेतलंत तर भरणा चार तुकड्यांत येतो असं तुम्ही म्हणताय, आणि व्याजही महिन्यातून चारदा मुद्दलात पडतं. तुमचं खातं यातलं कसं चालतं?”

मी पायरी १ वरच ठेवली. शेवटी मॅडमना दिलेल्या कागदावर तीन पाइप, तीन ढग, पेटीतून निघणारे दोन बारीक बाण, एका वळशात R, दुसऱ्यात B, आणि कोपऱ्यात लिहिलं: ‘पायरी १ महिना, भरणा महिन्याच्या शेवटी.’