दोन उभ्या रेघा

परवा गावात जपानी पाहुणे येतायत. पाण्याच्या ताळेबंदावर मला वीस मिनिटं बोलायचंय, मराठीतून. मी थांबले की पुण्याच्या दुभाषी मॅडम तेच जपानीत सांगणार. म्हणजे वीसमधली माझी जेमतेम दहा. पाझर तलावाची सगळी कथा काढून टाकली, शिवारफेरीत तलावच दाखवू.

संध्याकाळी मॅडमशी फोनवर बोलले. मला वाटलेलं, दर वाक्याला थांबलं की त्यांना सोपं जाईल. त्या म्हणाल्या, "ताई, एक मुद्दा पूर्ण करा. दोन-चार छोटी वाक्यं, मग थांबा. अर्ध्या वाक्यावर मात्र थांबू नका." खरंच आहे. आपलं क्रियापद शेवटी, आणि ‘नाही’ त्याच्याही मागून. ‘गव्हाला पाणी’ म्हणून मी श्वास घेतला, तर दिलं की नाही दिलं, त्यांना काय कळणार?

मग कागद घेऊन बसले. माझं एक वाक्य असं होतं: ‘पाऊस कमी पडूनही ज्यांनी गहू न घेता हरभरा केला त्यांच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी राहिलं.’ त्याचं झालं: ‘पाऊस कमी पडला. काहींनी गहू घेतला नाही. हरभरा पेरला. हरभऱ्याला पाणी कमी लागतं. त्यांच्या विहिरींना मार्चपर्यंत पाणी होतं.’ पुढे लाल पेनाने दोन उभ्या रेघा, म्हणजे इथे गप्प बसायचं. ‘हरभऱ्याला पाणी कमी लागतं’ हे आधी लिहिलंच नव्हतं. गावात ते कोणाला सांगायला लागत नाही.

जास्त वेळ आकड्यांनी खाल्ला. हजार हेक्टरवर 400 मिलिमीटर पाऊस म्हणजे 400 कोटी लिटर. जपानीत मोजणी दहा हजारांच्या पटीत चालते, लाख-कोटी नाहीत. 400 कोटीचे तिथे 40 ‘ओकु’ होतात, कारण एक ओकु म्हणजे दहा कोटी. बोलता बोलता हे करायचं तर शून्य सुटायची भीती. म्हणून सगळे आकडे वेगळ्या कागदावर लिहून आजच मॅडमना पाठवले, आणि एका थांब्यात एकच मोठा आकडा ठेवला. बरेचसे गाळलेही. तालुक्याची सरासरी ऐकून पाहुणे काय करणार?

सरपंचांना सुरुवातीला ओवी हवीच आहे. मॅडम म्हणाल्या, सलग म्हणू द्या, मी नंतर भावार्थ सांगते.

रात्री नणंदेला समोर बसवलं. एक तुकडा वाचायचा आणि तिने न बघता तो परत सांगायचा. विहीर पुनर्भरणाच्या तुकड्यात ती अडखळली, तिथे आणखी दोन रेघा मारल्या. थांबल्यावर मॅडमच्या तोंडाकडे बघत बसायचं नाही, पाहुण्यांकडे बघायचं. पुढचं वाक्य त्यांचं बोलणं संपल्यावरच. उद्या सरपंचांनाही हे बजावायला हवं, त्यांना मध्येच "आणखी एक सांगतो" म्हणायची सवय आहे.