पालाश नोंद, जानेवारी: अहवालात भरपूर, वांग्यात उपाशी

घोडबंदर रोडलगत मामांच्या जागेत १० चौरस मीटरचा वाफा आहे. काळी, चिकट, जुन्या भातखाचराची माती. पावसाळ्यानंतर वांग्याच्या जुन्या पानांच्या कडा करपल्या. नवी पानं मात्र हिरवीगार. लक्षण पालाशच्या कमतरतेचं, पण माती परीक्षणात उपलब्ध पालाश हेक्टरी ३१० किलो! २८० च्या वर म्हणजे भरपूर, असं अहवालच म्हणतो.

हा आकडा अमोनियम ॲसिटेटने काढलेल्या विनिमयक्षम पालाशचा असतो, म्हणजे चिकणमातीच्या कणांना बाहेरून सैलसर चिकटलेल्या. पण काही चिकणमाती खनिजांच्या पापुद्र्यांच्या फटीत पालाशचा आयन नेमका बसतो. माती वाळली की फट मिटते आणि तो आत अडकतो. म्हणून दिलेल्या खतातला किती सैल राहतो, हे मोजायचं ठरवलं.

१ लिटर पाण्यात १० ग्रॅम एमओपी, म्हणजे म्युरेट ऑफ पोटॅश हे पालाशचं खत, विरघळवलं. त्यातले १० मिली, म्हणजे साधारण ५० मिलिग्रॅम पालाश, अर्धा किलो कोरड्या मातीत. किलोला १०० मिलिग्रॅम झाले. अहवालाच्या भाषेत हेक्टरी २२४ किलो. शेजारच्या डब्यात तितकीच माती, फक्त साधं पाणी. दोन्ही तीनदा भिजवून सावलीत वाळवले.

पहिल्या खेपेला मी दुसऱ्या डब्यातली माती भिजवलीच नव्हती, शिवाय पत्र्यावर उन्हात टाकली होती. वाळवण्यानेच विनिमयक्षम पालाश वर-खाली होतो, तेव्हा ती सगळी मेहनत पाण्यात.

या वेळी साध्या डब्याचा आकडा ३०० आला, खताच्या डब्याचा ३८५. घातले २२४, हाती लागले ८५. म्हणजे सुमारे ६२ टक्के मातीने गिळलं. नर्सरीतली तांबडी माती याच पद्धतीने तपासली, तर २२४ पैकी १९६ परत मिळाले. तिच्यात मुख्यतः केओलिनाइट हे चिकणमाती खनिज, त्यात पालाश अडकायला तशी जागाच नसते.

गिळलेलं वाया जात नाही. मुळांनी आसपासचा पालाश ओढला की हळूहळू सुटतं. पण फळं धरताना वांग्याला तेवढा धीर नसतो. ३१० चा आकडा म्हणूनच फसवा. (तुमच्या अहवालात पालाश K आहे की K₂O, तेही पाहा, K₂O असेल तर १.२ ने भागा.)

सगळी भूक भागेपर्यंत माती भरत बसणं मला परवडणारं नाही. हेक्टरी ५० किलो K₂O धरलं, तर या वाफ्याला एमओपी ८३ ग्रॅम लागतं. ते मातीभर मिसळलं तर प्रत्येक कण आपला वाटा मागतो. म्हणून निम्म्या वाफ्यात ते दोन हप्त्यांत, रोपाच्या बाजूला अरुंद चरीत घालतोय. उरलेल्या निम्म्यात नेहमीसारखं पसरून. माती दोन्हीकडे सारखी ओलसर ठेवणार. जुन्या पानांच्या कडा दर रविवारी मोजतोय.