व्हर्मीरची अंधारखोली

उन्हाळ्यात दुपारी खिडक्या लावून घेतल्या की आमच्या जुन्या घराच्या भिंतीवर रस्ता उलटा उमटायचा. खिडकीच्या फळीतली गाठ निघून पडलेलं एक छोटं भोक होतं, त्यातून ही करामत व्हायची. सायकली छताजवळून जात आणि माणसं डोक्यावर चालत. कॅमेरा ऑब्स्क्युरा म्हणजे एवढंच, अंधारी खोली आणि एक भोक. भोकात भिंग बसवलं की चित्र उजळतं आणि रेषा नीट दिसू लागतात.

असं आयतं चित्र समोर असताना चित्रकार ते गिरवणार नाही का? नेदरलँड्समधल्या डेल्फ्टचा चित्रकार योहानेस व्हर्मीर याच्यावर (1632–1675) हा संशय फार जुना आहे. 1891 मध्ये जोसेफ पेनेल या चित्रकारानं त्याचं एक चित्र पाहून म्हटलं, की टेबलाशी बसलेला शिपाई समोरच्या मुलीच्या मानाने फारच मोठा दिसतो, अगदी फोटोत दिसावा तसा. पुढे चित्रकार डेव्हिड हॉकनीनं 2001 मध्ये अनेक जुन्या उस्तादांना या आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं. त्यातली काही प्रकरणं मला पटत नाहीत. व्हर्मीरचं मात्र सहजासहजी झटकता येत नाही, आणि त्याला कारण आहेत फिलिप स्टेडमन.

हे गृहस्थ वास्तुरचनेचे अभ्यासक. व्हर्मीरच्या चित्रांतल्या फरशा, खिडक्या आणि खुर्च्यांवरून त्यांनी मूळ खोलीचा नकाशा उलगडला. मग प्रत्येक चित्र नेमकं कुठल्या बिंदूवरून पाहिलेलं आहे ते काढलं, आणि चित्राच्या कडांपासून निघणाऱ्या रेषा त्या बिंदूतून पार मागच्या भिंतीपर्यंत नेल्या. निदान सहा चित्रांच्या बाबतीत मागच्या भिंतीवर जो चौकोन पडला तो त्या त्या कॅनव्हासच्या मापाचाच निघाला. म्हणजे त्या बिंदूवर भिंग असेल, तर भिंतीवर पडणारी प्रतिमा आणि चित्र एकाच आकाराचं. हे एकदा घडलं असतं तर योगायोग म्हटलं असतं.

पण गिरवायला बसलं की खरी गंमत सुरू होते. मी वाचायचं भिंग घेऊन चादरीच्या अंधारात हा उद्योग करून पाहिलाय. रेषा पेन्सिलीनं काढता येतात, जमतं. मात्र चेहरा स्पष्ट केला की मागची भिंत पसरते, आणि भिंत स्पष्ट केली की चेहरा जातो. रंगाचं तर नावच नको. अंधारात पिवळा की करडा ते कळत नाही, आणि दिवा लावला की चित्रच नाहीसं. शिवाय भिंतीवरची प्रतिमा फिरवून सरळ केली तरी आरशातल्यासारखी डावी-उजवी उलटलेली राहते. चित्रकार जेन जेली यांनी यावर एक तोडगा करून दाखवला. तेल लावून पारदर्शक केलेल्या कागदावर काळ्या रंगानं गिरवायचं आणि तो कागद कॅनव्हासवर दाबायचा. ठसा उमटताना उलटलेली बाजू आपोआप सुलटते. असं होऊ शकतं, हे त्यातून दिसतं. व्हर्मीरनं तसंच केलं, हे सिद्ध होत नाही.

विरोधी पक्षाकडेही पुरावा आहे, आणि तो चक्क कॅनव्हासला पडलेल्या भोकांचा. व्हर्मीरच्या डझनाहून अधिक चित्रांत, खोलीत मागे जाणाऱ्या रेषा जिथे मिळतात त्या बिंदूवर टाचणीची खूण सापडली आहे. तिथे टाचणी टोचायची, तिला खडू लावलेला दोरा बांधायचा, ताणायचा आणि टिचकी मारायची. आपले सुतार सूत मारतात अगदी तसं. ज्याच्याकडे तयार प्रतिमा आहे तो हा खटाटोप कशाला करेल? स्टेडमन यांच्या बाजूचे म्हणतील, गिरवलेल्या रेषा नीटनेटक्या करायला. शक्य आहे. व्हर्मीरच्या मृत्यूनंतर 1676 मध्ये झालेल्या घरातल्या वस्तूंच्या यादीत भिंग किंवा कॅमेरा नाही, पण यादी करणाऱ्याच्या नजरेतून काय सुटलं याची यादी कोण देणार?

माझा कौल ‘संगीताचा धडा’ या चित्राकडे पाहून ठरतो. स्टेडमन यांच्या सहांपैकी हे एक. एक बाई पाठमोरी उभी राहून व्हर्जिनल वाजवते आहे, शेजारी एक गृहस्थ उभा आहे. वाद्याच्या वर टांगलेल्या आरशात तिचा चेहरा दिसतो, आणि चित्रकाराच्या इझलचा पायसुद्धा. खोलीची भूमिती, फरशा, कोन सगळं चोख. पण पाठमोरी बाई वाद्याकडे पाहते आहे, आणि आरशातला तिचा चेहरा त्या गृहस्थाकडे वळलेला आहे. हे कुठल्याही भिंगातून पडणार नाही. खोली त्यानं भिंतीवरून उतरवून घेतली असेल, मला तसंच वाटतं. पण आरशाची चौकट गिरवून झाल्यावर आत काय घालायचं, हे त्यानं भिंगाला विचारलं नाही.