तीन महिने नेमके कुठून मोजायचे? ऑफिसातल्या तक्रारीचा माझा अनुभव

लैंगिक छळाची तक्रार लिहिण्यापेक्षा ती दाखल करून घ्यायला लावणं मला जास्त जड गेलं. तो राग अजून शमलेला नाही, म्हणून हे लिहितेय.

माझ्या वरिष्ठाचे घाणेरडे मेसेज डिसेंबरात सुरू झाले. १२ मार्चला मीटिंग रूममध्ये त्याने माझ्या कमरेवर हात ठेवला. दुसऱ्याच दिवशी मी एचआरला सांगितलं. “आम्ही त्याला समज देतो, लेखी कशाला?” असं म्हणत त्यांनी मला मे महिन्यापर्यंत ताटकळत ठेवलं. शेवटी लेखी अर्ज घेऊन गेले, तेव्हा उत्तर मिळालं, “मॅडम, पहिला मेसेज डिसेंबरचा आहे. तीन महिन्यांची मुदत केव्हाच संपली.”

हे साफ चुकीचं आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३च्या कायद्याच्या कलम ९ प्रमाणे घटना एकामागून एक घडत असतील, तर तीन महिने शेवटच्या घटनेपासून मोजतात. म्हणजे माझी मुदत १२ जूनपर्यंत होती. ती उलटली असती तरी उशिराचं कारण पटल्यास अशा तक्रारींची चौकशी करणारी ऑफिसची अंतर्गत समिती जास्तीत जास्त आणखी तीन महिने देऊ शकते, फक्त तशी कारणं तिने लेखी नोंदवायला हवीत. आणि हे ठरवायचं समितीने. एचआरला तो अधिकारच नाही. मात्र एचआरला तोंडी सांगितल्याने ही मुदत थांबत नाही, आणि नेमकं हेच मला तिथे कुणी सांगितलं नाही.

मी अर्ज थेट समितीच्या पीठासीन अधिकाऱ्यांकडे नेला आणि तारखेसह पोच घेतली. अर्जात प्रत्येक घटना तारीखवार लिहिली होती, शेवटची घटना ठळक करून. सोबत मेसेजचे स्क्रीनशॉट आणि साक्षीदारांची नावं-पत्ते होते. नियमाप्रमाणे सहा प्रती लागतात, त्या आधीच काढून ठेवा.

पुढचं बरंच सुरळीत झालं. समितीने सात कामकाजाच्या दिवसांत त्याला प्रत पाठवायची असते, आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यायचं असतं. मध्ये एका सदस्याने “आपसात मिटवता का?” असं विचारलं. समेट फक्त तक्रारदार बाईच्या विनंतीवरून, तोही चौकशीआधीच होतो, आणि पैसे हा त्याचा आधार असू शकत नाही. मी नाही म्हटलं, विषय तिथेच संपला. चौकशी ९० दिवसांत पूर्ण व्हावी लागते, त्यानंतर १० दिवसांत अहवाल मालकाकडे जातो, त्याची प्रत आपल्यालाही मिळते, आणि शिफारशींवर मालकाने ६० दिवसांत कारवाई करायची असते. माझ्या बाबतीत आरोप सिद्ध झाले.

एक सांगायचं राहिलं. माझं अप्रायझल तोच माणूस लिहिणार होता. चौकशी चालू असताना ते काम दुसऱ्याकडे द्यावं, अशी लेखी विनंती समितीकडे करता येते. मग समिती मालकाला तशी शिफारस करू शकते. बदली किंवा तीन महिन्यांपर्यंतची रजाही तशीच मागता येते, आणि ही रजा आपल्या हक्काच्या रजेतून कापली जात नाही. ही विनंती अर्जासोबतच जोडा.