फ्रेंच वही, आठवडे ११ ते १४: एक प्रश्न, चार रूपं

या चार आठवड्यांत नवीन शब्द जवळजवळ शिकलेच नाहीत. रोज एक प्रश्न घ्यायचा, तो जितक्या प्रकारे विचारता येईल तितक्या प्रकारे फोनवर रेकॉर्ड करायचा आणि दुसऱ्या दिवशी ऐकायचा, एवढंच केलं. फ्रेंच वाक्यं इथे देवनागरीत कानाला ऐकू येतात तशी लिहिते आहे. 'तू' या अर्थाचं 'त्यु' म्हणताना ओठ 'ऊ'सारखे गोल ठेवायचे आणि जिभेने 'ई' म्हणायचं, म्हणजे उच्चार बराच जवळ जातो.

सुरुवात सुराने केली. साधं विधान घ्यायचं आणि शेवटी आवाज चढवायचा. 'व्हू फेर्मे आ मिदी' म्हणजे तुम्ही बारा वाजता बंद करता. हेच वर चढवून म्हटलं की झाला प्रश्न. आपण 'जेवलास?' असं विचारतो तसंच, म्हणून हे सर्वांत सोपं असेल असं मला वाटलं होतं. पण रेकॉर्डिंग ऐकलं तर निम्म्या वेळा ते विधानच वाटत होतं. मी जोर 'फेर्मे'वर देत होते आणि 'मिदी'पर्यंत आवाज खाली येत होता. फ्रेंचमध्ये चढ शेवटच्या अक्षरावरच लागतो, इथे 'दी'वर. आधीचा सगळा भाग सपाट ठेवून फक्त 'दी' उचलायचा सराव केला, तेव्हा फरक पडला.

प्रश्नार्थक शब्द असला तर चढाची एवढी गरज नसते, कारण प्रश्न तो शब्दच सांगतो. 'त्यु आबित ऊ?' म्हणजे तू कुठे राहतेस. यात 'ऊ' म्हणजे कुठे, आणि तो शेवटी ठेवलाय. मित्रमैत्रिणींत असंच बोलतात.

बाराव्या आठवड्यात 'एस्क' घेतलं. पुस्तकं याला तयार ठोकळा म्हणून देतात: विधानाच्या आधी लावा, प्रश्न तयार. आपल्या 'का'सारखंच, फक्त 'का' शेवटी येतो आणि 'एस्क' आधी. 'एस्क व्हू फेर्मे आ मिदी?' प्रश्नार्थक शब्द असेल तर तो आधी, मग एस्क, मग साधा क्रम: 'ऊ एस्क त्यु आबित?'

माझी एक चूक मात्र सुटत नव्हती. 'एस्क' लावूनही मी पुढे क्रियापद आणि कर्ता उलटे करायचे: 'ऊ एस्क आबित-त्यु?' हे चूक का, ते ठोकळा उकलल्यावर समजलं. 'से' म्हणजे 'हे आहे'. ते उलटं केलं की 'एस', म्हणजे 'आहे हे?' आणि 'क' म्हणजे 'की'. 'आहे का हे, की तुम्ही बारा वाजता बंद करता?' उलटापालट 'एस'च्या पोटातच एकदा होऊन गेलेली असते, म्हणून पुढचं वाक्य सरळच राहतं. हे कळल्यापासून ती चूक एकदाही झालेली नाही.

तेरावा आठवडा उलट्या क्रमाचा, आणि वहीतली सर्वांत जास्त पानं याच्यावर खर्च झाली. सर्वनाम असलं तर काम सोपं आहे: 'ऊ आबित-त्यु?' पण कर्ता नाम असला की गुंता होतो. 'गाडी किती वाजता सुटते?' हा प्रश्न मी चार दिवस घोळवला. 'आ केलर' म्हणजे किती वाजता, 'ल त्राँ' म्हणजे गाडी, 'पार' म्हणजे सुटते.

बोलीत: 'ल त्राँ पार आ केलर?'
एस्क लावून: 'आ केलर एस्क ल त्राँ पार?'
नाम सरळ क्रियापदामागे नेऊन: 'आ केलर पार ल त्राँ?'
आणि पूर्ण औपचारिक: 'आ केलर ल त्राँ पार्तिल?'

शेवटच्यात गाडी आपल्या जागी राहते आणि क्रियापदामागे 'इल', म्हणजे 'तो', तिच्या वतीने उभा राहतो. (फ्रेंचमध्ये गाडी पुल्लिंगी आहे.) 'गाडी, सुटतो तो किती वाजता', अशी काहीशी रचना. एरवी 'पार'च्या शेवटचा त् लिहिलेला असतो पण मुका असतो. मागे 'इल' आला की तो बोलू लागतो. 'घेते' या अर्थाच्या 'प्राँ'च्या शेवटी तर द लिहितात, तरी 'एल' म्हणजे 'ती' जोडली की 'प्राँतेल' असा त्-च ऐकू येतो. आणि ज्या क्रियापदाच्या शेवटी त् नाहीच, तिथे तो आणून बसवतात: 'एल पार्ल', ती बोलते, याचं 'पार्ल-तेल?' होतं. बाकीच्या क्रियापदांकडे बघून पडलेली ही सवय आहे. त्या त्-ला स्वतःचा काही अर्थ नाही.

तिसरा प्रकार मला मनापासून आवडला. छोटा आहे, खिडकीवर विचारायला छान आहे आणि फार पुस्तकीही वाटत नाही. पण तो सगळीकडे चालत नाही. होय-नाहीच्या प्रश्नात 'पार ल त्राँ?' म्हणता येत नाही. 'पुर्क्वा', म्हणजे 'का', असेल तरीही नाही. तिथे 'पुर्क्वा ल त्राँ पार्तिल सी तार?', गाडी इतक्या उशिरा का सुटते, असंच म्हणावं लागतं, नाहीतर एस्क.

'मी'साठी उलटा क्रम मी सध्या टाळते. 'प्वीज व्हूझेदे?', मी आपली मदत करू शकते का, हे दुकानात ऐकू येणारं वाक्य तेवढं पाठ केलंय. 'शकते'चं नेहमीचं रूप 'प' इथे चालत नाही, जुनं 'प्वी' लागतं.

औपचारिकतेबद्दल माझी समजूत चुकीची होती. सूर म्हणजे उद्धट, एस्क मधलं, उलटा क्रम म्हणजे सभ्य, अशा तीन पायऱ्या मी धरल्या होत्या. मावसबहीण माँट्रियालला असते. तिला फोनवर माझी वाक्यं ऐकवली, तर ती म्हणाली, "अगं ताई, मैत्रिणीला 'ऊ आबित-त्यु' विचारलंस तर तिला वाटेल तू पुस्तकातून वाचतेयस. आणि दुकानदाराला बाँझूर न म्हणता कितीही उलटं बोललीस तरी त्याला राग येणारच." म्हणजे 'त्यु' की 'व्हू' हा निर्णय वेगळा आणि वाक्याचा साचा वेगळा. आपल्याकडे 'तू', 'तुम्ही', 'आपण' निवडणं आणि 'का' लावणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तसंच. 'बाँझूर, व्हूझाव्हे युन ताब्ल पुर द?', दोघांसाठी टेबल आहे का, हा नुसत्या सुराचा प्रश्न हॉटेलात पूर्ण सभ्य आहे, कारण त्यात 'व्हू' आहे आणि आधी नमस्कार झालाय. उलटा क्रम पत्रात, मुलाखतीत, भाषणात शोभतो. काही वाक्यं मात्र गोठून गेली आहेत आणि ती कुठेही चालतात: 'कॉमाँताले-व्हू?', आपण कसे आहात, किंवा 'केलर एतिल?', किती वाजले. तरी घरात 'इल ए केलर?'ही तितकंच ऐकू येतं.

तिने आणखी एक गोष्ट सांगितली, ती वहीत लाल पेनाने लिहिली आहे. क्वेबेकमध्ये लोक होय-नाहीच्या प्रश्नात क्रियापदामागे नुसता 'त्यु' लावतात, कर्ता कोणीही असो. 'से-त्यु ल्वँ?', ते लांब आहे का. तिथल्या तोंडी तो 'त्सु' असा ऐकू येतो. हा 'तू' नव्हे. 'पार्तिल'मधल्या 'तिल'चा ल् बोलताना गळून 'ति' उरला, तो सगळ्या कर्त्यांना लागू लागला आणि पुढे क्वेबेकमध्ये त्याचा 'त्यु' झाला. म्हणजे सगळ्यांत औपचारिक रचनेची शेपटी सगळ्यांत घरगुती प्रश्नात जाऊन बसली, आणि ती बसली क्रियापदाच्या मागे, थेट आपल्या 'का'च्या जागी. फ्रान्समधल्या माणसासमोर हे वापरायचं नाही, असं तिने बजावलंय. पण तिच्याशी बोलताना मी आता तसंच विचारते, आणि 'से-त्यु ल्वँ' म्हणताना चढ कुठे द्यायचा याची मला चिंता करावी लागत नाही.

पुढच्या आठवड्यात नकारार्थी प्रश्न. 'हो'च्या जागी 'सी' कधी म्हणायचं, तेही त्यातच येईल.