1,467 की 1,487

परवाचं प्रकरण अजून डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहून टाकते.

मी रिपोर्टिंगमध्ये आहे, आणि माझ्या कामाचा बराचसा भाग म्हणजे दुसऱ्यांनी स्लाइडवर चिकटवलेले आकडे एक्सेलमध्ये आणणं. ओरिजिनल फाइल मागितली की समोरचा "पाठवतो" म्हणतो आणि आठवडा निघून जातो. या वेळी सरांनी मीटिंगच्या रेकॉर्डिंगमधला स्क्रीनशॉट चॅटवर टाकला आणि म्हणाले एवढं टेबल संध्याकाळपर्यंत दे. १२ गोदामं, चार तिमाह्या, शेवटी टोटलचा कॉलम, खाली टोटलची ओळ. बघायला गेलं तर दहा मिनिटांचं काम, पण झूम केलं तर आकडे कसले, मुंग्याच.

स्क्रीनशॉटवर मी कधीच काम करत नाही. एकतर तो चॅटवरून येताना अजून एकदा दाबला जातो, आणि लोक नेमका स्लाइड बदलल्या बदलल्या काढतात. स्लाइड बदलते तेव्हा सगळं चित्र एकदम बदलतं, तेवढा डेटा पाठवायला जागा नसते, म्हणून पहिले एकदोन सेकंद सगळं धूसर दिसतं आणि मग हळूहळू उघडतं. पाहणाऱ्याच्या लक्षात येत नाही, स्क्रीनशॉट काढणाऱ्याच्या तर नाहीच नाही. म्हणून मी रेकॉर्डिंगच मागवलं. ७२०पी, त्यात बाजूला माणसांच्या चौकटी, त्यामुळे स्लाइडच्या वाट्याला ९०० पिक्सेल रुंदीसुद्धा धड नाही. एक आकडा जेमतेम ९ पिक्सेल उंच.

स्लाइड सव्वा मिनिट पडद्यावर होती, म्हणून मी म्हटलं बऱ्याच फ्रेम काढू आणि सरासरी घेऊ, कॉम्प्रेशनचा कचरा आपोआप कमी होईल. ६० फ्रेम काढल्या, सरासरी घेतली, आणि काडीचा फरक नाही. आधी वाटलं कमांड चुकली. मग दोन फ्रेम एकमेकींतून वजा करून बघितल्या तर जवळपास काळंभोर चित्र, म्हणजे दोन्ही सारख्याच! आणि मग ट्यूब पेटली. व्हिडिओत जिथे काही हललं नाही तिथे नवीन काही साठवतच नाहीत, मागच्या फ्रेममधला तुकडाच पुढे चालवतात. स्लाइड तर दगडासारखी स्थिर. म्हणजे माझ्याकडे ६० फोटो नव्हते, एकाच फोटोच्या ६० झेरॉक्स होत्या, आणि झेरॉक्सची सरासरी काढून डाग जात नाही.

चित्र पहिल्यापासून नव्याने तयार होतं ते फक्त कीफ्रेमला. मग तेवढ्याच काढल्या:

```
ffmpeg -skip_frame nokey -ss 00:41:10 -t 75 -i meeting.mp4 -fps_mode vfr k_%02d.png
```

सात मिळाल्या, पहिली धूसरवाली फेकली, राहिल्या सहा. या सहांमध्ये मात्र डाग वेगवेगळ्या जागी होते, एकीत 5 चं पोट फुटलेलं तर दुसरीत शेजारच्या 9 ची शेपटी गायब. यांची सरासरी घेतल्यावर खरंच फरक पडला. मग राखाडी करून चौपट केलं, कारण चित्रातले आकडे वाचून देणाऱ्या टेसरॅक्टला आकडा साधारण ३० पिक्सेल उंच असला की बरं वाचता येतं:

```
magick k_*.png -evaluate-sequence mean -colorspace Gray -filter Lanczos -resize 400% big.png
tesseract col3.png col3 --psm 6 -c tessedit_char_whitelist=0123456789,
```

राखाडी अशासाठी, की व्हिडिओत रंगाची माहिती उजेडापेक्षा निम्म्या बारकाईने साठवलेली असते, आणि या बाईंनी (स्लाइड ज्यांची होती त्या) टोटल निळ्या पट्टीवर लाल अक्षरात टाकलेली. असं करू नका हो लोकांनो. आणि प्रत्येक कॉलम कापून वेगळा द्यावा लागतो, नाहीतर टेबलाच्या उभ्या रेघा तो 1 म्हणून वाचतो आणि 936 चे 1936 होतात. आमच्या ज्युनियरचं मधेच सुरू, "ताई, शार्पन मारा ना थोडं." शार्पनने नवीन माहिती येत नाही बाबा, कडेचा कचराही तेवढाच ठळक होतो आणि 6 चं तोंड बंद होऊन त्याचा 8 दिसायला लागतो.

इथून पुढचा भाग मला खरं तर आवडतो. तिसऱ्या तिमाहीची आमची बेरीज 14,902, स्लाइडवर 14,952. फरक बरोब्बर 50. म्हणजे दशकाच्या जागी पाचाचा फरक, आणि पाचाच्या फरकाने एकमेकांसारखे दिसणारे म्हणजे 3 आणि 8. कॉलममध्ये दशकाला 3 असलेले दोनच सेल, चौथ्या ओळीत 1,234 आणि नवव्या ओळीत 936. चौथ्या ओळीची आडवी बेरीज जुळत होती, नववीत तिथेही 50 कमी. म्हणजे 986. परत मोठं करून पाहिलं तर खरंच त्या आकड्याची डावी बाजू उघडी नव्हती, फिकट का होईना पण रेघ होती. ज्युनियर "भारीच" म्हणाला आणि मी पण जरा फुगले, कशाला खोटं बोलू.

मग चौथी तिमाही. फरक 20. दोनाचा फरक, म्हणजे 6 आणि 8. दशकाला 6 असलेला एकच सेल, सातव्या ओळीतला 1,467. तो 1,487 धरला की कॉलमची बेरीज चोख. आडवं तपासायला गेले तर त्या ओळीची टोटल त्याच लालनिळ्या चिखलात, 5,268 पण वाचता येते आणि 5,288 पण, आणि दोन्ही आपापल्या जागी जुळतात. सगळ्यात खालच्या कोपऱ्यातली एकूण टोटल बघावी तर तिच्यावर नेमकी बोलणाऱ्या बाईंच्या चेहऱ्याची चौकट.

आणि सेलमध्ये मला 6 दिसत होता. सहाही कीफ्रेममध्ये, सरासरीत पण, वरची उजवी बाजू उघडी. 986 च्या वेळी जी फिकट रेघ सापडली तशी इथे नव्हती, मी दहा वेळा शोधली. सरांना दाखवलं तर म्हणाले, "अगं टोटल जुळतंय ना 8 ने? मग 8." साडेसहा वाजले होते. मी 1,487 टाकला, कुठलाही शेरा न लिहिता, आणि फाइल पाठवली.

दोन दिवसांनी चमत्कार झाला आणि ओरिजिनल पीपीटी आली. 986 बरोबर. सातव्या ओळीत 1,467, टोटल 5,268. चुकलेली होती ती स्लाइडवरची खालची टोटल. पीपीटीच्या टेबलात बेरजेचा फॉर्म्युला नसतो, सगळं हाताने टाईप केलेलं, कुणीतरी शेवटच्या क्षणी सेल बदलला, आडवी टोटल बदलली आणि उभी विसरलं.

सर म्हणाले जाऊ दे, वीसचाच फरक आहे. मला वीसचं काही नाहीये. 986 मध्ये बेरजेने मला कुठे बघायचं ते सांगितलं आणि मग मी बघितलं. 1,467 मध्ये मी बघितलं होतं, दिसलं होतं, आणि बेरजेपायी दिसलेलं खोडलं. बेरीज तीच, करणारी मीच, आणि दोन्हींच्या मध्ये जेमतेम तासाभराचं अंतर. एक शेरा लिहायला काय झालं होतं, "6 दिसतो, पण टोटल 8 म्हणते", सहा शब्द.

त्या बाईंना मेल टाकलाय की तुमची चौथ्या तिमाहीची टोटल 20 ने जास्त आहे, दुरुस्त स्लाइड पाठवा. उत्तर आलंय, "पाठवतो."